बावीस दिवसांचा लकवा

माझ्या एका चुकीच्या उत्तरामुळे माझ्या आईने बावीस दिवस लकवा झालाय असं समजून काढले. लकवा झालेला नव्हता. मला मात्र परीक्षेआधी अक्कल आली, आणि ती अशी आली की अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी प्राप्ती. ठाण्यात कोळीवाड्यात राहते आणि फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होते. खरं तर शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा होते. आदल्या वर्षी ऐन पेपरांत बाबा गेले आणि मी परीक्षा अर्धी टाकून घरी आलेले. तेव्हा आई मला एक शब्द बोलली नाही. बाराव्याला आलेल्या प्रत्येक बाईला मात्र सांगत होती, "पोरीचं वरीस गेलं गो, माझ्या पोरीचं वरीस गेलं." स्वतःचा नवरा गेला होता, पण ते ती बोलायची नाही.

माझी आई सगुणा मार्केटात म्हावरं, म्हणजे मासळी विकते. आवाज असा की पाटी उतरवायच्या आधी भाव पार स्टेशनापर्यंत पोचतो. कुणाला भीत नाही. निदान मला तसं वाटायचं.

आता माझी चूक.

चालीवरचे प्रश्न मला कधी जमलेच नाहीत. पाठांतर फर्स्ट क्लास होतं. एक टाच टेकली की तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचं एक चक्र. त्यात साठ टक्के वेळ पाय जमिनीवर, तो स्टान्स, चाळीस टक्के हवेत, तो स्विंग. पुढे त्यांचे आठ टप्पे. झोपेतून उठवून विचारा, सांगितलं असतं. पण प्रश्नात पेशंट आला की माझं सगळं कालवण व्हायचं. हेमिप्लेजिक म्हणजे लकव्याची चाल, स्टेपेज म्हणजे पाऊल लोंबणाऱ्याची चाल, वॅडलिंग म्हणजे बदकासारखी डुलत चालणाऱ्याची. तीन नावं, तीन पर्याय, आणि मी दर वेळी चौथ्यावर टिक करून यायचे.

म्हणून दर रविवारी डोंबिवलीला नीरजा मॅडमकडे जायचे. मॅडम पंचवीस वर्षं हॉस्पिटलात पेशंट चालवून आता घरी आम्हां सात-आठ नापासांना चालवतात. बोलणं एकदम शुद्ध आणि जीभ सुरीसारखी. त्यांचा नियम एकच, प्रत्येक चाल स्वतः चालून दाखवायची. "वाचून चाल कळत नाही, प्राप्ती. पोहणं वाचून येतं का? घरी जा, आरशासमोर चाला, ओट्यावर चाला, लोक हसले तर हसू देत."

तर त्या संध्याकाळी मी दारापुढच्या ओट्यावर चालत होते. दोन दिवसांपूर्वी माझ्या चुलतबहिणीची, दक्षताची हळद झालेली. आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण, अख्खा कोळीवाडा जेवायला. आई त्याआधीपासून दोन दिवस तिकडेच राबली होती, त्यामुळे दमून दारात बसलीये असंच मला वाटलं. ती लसूण सोलत होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी आधी डुलत चालले, आई हसली. मग लकव्याची चाल केली. उजवा हात कोपरात मुडपून छातीशी घेतला, मूठ वळली, आणि उजवा गुडघा वर उचलून उचलून पाऊल फटकन् खाली टाकत ओट्याच्या या टोकाहून त्या टोकाला गेले.

आईचा हात थांबला. "ही कोनाची चाल गो?"

"लकव्याची."

"पाय असाच उचलतान?"

"असाच." काय तो कॉन्फिडन्स!

"आनि हात?"

"हात पण जातो. असा छातीशी चिकटून बसतो."

"पयला पाय, मंग हात?"

मी वहीत बघत होते. म्हटलं, "हां, तसंच काहीतरी."

"बरा व्हतो?"

"थोडा होतो. पूर्ण नाही होत सगळ्यांचा. आये, अभ्यास करू दे ना!"

ती लसूण तशीच अर्धी टाकून आत गेली. ती जाताना मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फिजिओथेरपीची विद्यार्थिनी! चालीचा अभ्यास करतेय!

पुढच्या रविवारी मॅडमसमोर मी तीच चाल करून दाखवली. मॅडमनी चष्मा काढला. "हा कुठला पेशंट आणलास? कमरेवर लकवा आणि कमरेखाली फूट ड्रॉप, लोंबतं पाऊल? दोन माणसं शिवून एक केलंस की गं!" सगळे खिदळले. मग मॅडमनी मला समोर उभं करून समजावलं.

"नाव आधी सांगायचंच नाही. आधी टप्पा सांग. लकव्यात पाय ताठ होतो, गुडघा नीट वाकत नाही. मग स्विंगमध्ये पाऊल जमिनीवरून सुटणार कसं? म्हणून तो अख्खा पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे आणतो. स्टेपेजमध्ये उलटं. गुडघा वाकतो, मांडी उचलते, फक्त पाऊल वर उचलणारे स्नायू गेलेत. बोटं घासतील म्हणून बिचारा गुडघा जास्तच वर घेतो, अदृश्य पायरी चढल्यासारखा. आणि उतरताना टाच आधी टेकत नाही, बोटं टेकतात, पाऊल आपटतं. ऐकूसुद्धा येतं. वॅडलिंगमध्ये बिघाड स्टान्सला. ज्या पायावर उभा आहे त्याच्या कुल्ल्याचे स्नायू कमरेला धरत नाहीत, दुसऱ्या बाजूला कंबर खाली जाते, म्हणून धड उभ्या पायाकडे झुकतं. दोन्हीकडे तसंच, म्हणून डुलतो. कळलं?"

त्या दिवशी पहिल्यांदा खरंच कळलं. वहीत मी लाल पेनाने खाडाखोड केली, चूक दुरुस्त केली. ओट्यावर केलेली चूक दुरुस्त करायची असते हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

घरात गोष्टी घडत होत्या, मी बघत नव्हते एवढंच. आई मी उठायच्या आत मार्केटला जायला लागली. संध्याकाळी मी घरी असले की ती बसलेलीच असायची. "आये, पाणी दे" म्हटलं की "तुजं हात मोडलंत काय?" यायचं. आधी कधी असं बोलली नव्हती, मी घुश्शात स्वतः उठून घ्यायचे. देवळात जाताना ती नेहमी पुढे आणि मी मागे धावत असायचे, आता म्हणायची, "तू हो पुढं." एकदा तिच्या उजव्या चपलेचं टोक झिजलेलं दिसलं. म्हटलं, नवीन घे की. हाताच्या बोटांना पट्टी दिसली. म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं? वेणी वाकडी घातलेली दिसली. त्यावर तर मी हसले.

एका दुपारी तिने मला स्वयंपाकघरात बसवून, सुकवलेले सोडे कुठल्या डब्यात, मसाला कुठल्या बरणीत, माझ्यासाठी ठेवलेली नथ कुठल्या लुगड्याच्या घडीत, सगळं दाखवलं. मी म्हटलं, "कुठे चाललीस की काय?" ती म्हणाली, "तुना कवा तरी लागंल ना." मी मोबाईलवर प्रश्न सोडवत होते.

आणि ते कबुतर! एके दिवशी पलंगाखाली टोपलीत गुटूर्गू सुरू. मी ओरडलेच. आई म्हणाली, धाकूमामाने ठेवायला दिलंय. धाकूमामा म्हणजे आमचे शेजारी, जन्मभर होडी चालवली, आता रिटायर होऊन अख्ख्या वाड्याला फुकट सल्ले देतात. त्यांना विचारलं, "मामा, कबुतर कशाला?" ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "शांतीसाठी." मी म्हटलं असेल बाबा, म्हाताऱ्याला काहीही सुचतं. माझ्या परीक्षेला चार दिवस होते. घरात हत्ती बांधला असता तरी मी त्याच्या पायाखालून वही घेऊन गेले असते.

बाविसाव्या दिवशी पहाटे जाग आली. उठले नाही. डोळे मिटून मनातल्या मनात टप्पे म्हणत पडलेले, आणि आई मोरीकडून दाराकडे चालत गेली. घरात आम्ही अनवाणीच असतो, लादीवर पाऊल स्पष्ट ऐकू येतं.

एक पाऊल नीट. एक फट्ट.

नीट. फट्ट. नीट. फट्ट.

मॅडमचा आवाज डोक्यात आला, ऐकूसुद्धा येतं. मी ताडकन् उठले. तोवर आई डोक्यावर पाटी घेऊन बाहेर पडलेली. मी तशीच गाऊनवर, केस पिंजारलेले, तिच्या मागे बोळात गेले. हाक मारली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आईला मागून नीट बघितलं.

उजवा गुडघा वर, जरुरीपेक्षा वर. पाऊल खाली लोंबतंय. बोटं आधी टेकली. मग अख्खं पाऊल फटकन्.

मी तिथल्या तिथे प्रश्न सोडवला. सांगायला लाज वाटते, पण सोडवला. दुसरं काही सुचेना. कंबर डुलते? नाही, डोक्यावरची पाटी जराही हलत नाहीये. पाय बाहेरून गोल फिरतो? नाही, सरळ पुढे येतोय. गुडघा ताठ? छे, नको तेवढा वाकतोय. हात? एक पाटीला, आणि दुसरा, उजवाच, बाजूला मस्त झुलतोय. लकव्याचा हात असा झुलत नाही.

उत्तर आलं. माझ्या घरातला पेशंट, आणि मी डोंबिवलीला जाऊन शिकतेय!

"आये!"

ती दचकून वळली. माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मी बघितलंय. पाटी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"जा घरी. अभ्यास कर," म्हणाली.

"पायाला काय झालंय?"

"काय नाय. मुरगळलाय."

"आये, खोटं नको बोलू!"

मार्केट गाजवणारी माझी आई कुजबुजल्यासारखं बोलली. "मना म्हाईत हाय काय झालंय," ती म्हणाली. "लकवा झालाय. तूच तं दाखवलंस ओट्यावर. तंतोतंत माजा पाय. त्येच्या आदल्या दिशी सकाळी उठले तवापासना पाय असाच पडतंय. मी म्हटलं, तुजी परीक्षा व्हऊन जाऊ दे. गेल्या सालासारखं नको व्हायला. परत पोरीचं वरीस नको जायला."

माझ्या डोळ्यांपुढे तो ओटा आला. गुडघा उचलून उचलून चालणारी मी. हां, तसंच काहीतरी, म्हणणारी मी.

आणि काय केलं मी? तिला मिठी मारली? नाही. अख्ख्या बोळात ओरडले. "अगं, लकवा वाटला तर लपवून ठेवायचं? लकवा म्हणजे तासाभरात हॉस्पिटल! तासाभरात! आणि तू बावीस दिवस? खरंच लकवा असता तर? काय केलं असतं मी? परीक्षा चाटत बसले असते?" मी रडत होते आणि ओरडत होते. खिडक्या उघडल्या. धाकूमामा टॉवेल गुंडाळून बाहेर आले.

"तिला ओरडू नको गो," ते म्हणाले. "कबुतर आनलंय ना मी. त्याचं रगत चोललं का लकवा उतरतंय. सगुणाच कापू देत नाय. म्हनते, पोर अभ्यासाला बसलंय, घरात जीव नको घेव."

"मामा, ते कबुतर सोडून द्या. आत्ताच्या आत्ता!"

मी आईला ओट्यावर बसवलं. पाटी मामांकडे दिली. आधी म्हटलं हस. हसली, दोन्हीकडून सारखी. बोल, बोलली, "काय बोलू?" माझी बोटं दाब, अशी दाबली की मी कळवळले. मग पाऊल हातात घेतलं. वर उचल. उचललं नाही. बाहेर वळव. वळलं नाही. आत वळव. वळलं! खाली दाब. दाबलं, जोरात! म्हणजे कमरेतून येणारी नस दबलेली दिसत नव्हती, नाहीतर पाऊल आत वळवायलाही ताकद कमी पडली असती. पावलाच्या वरच्या बाजूने बोट फिरवलं. "बधिर लागतंय," म्हणाली. गुडघ्याच्या बाहेर, जरा खाली, एक बारीक हाड लागतं. त्याला वळसा घालून एक नस जाते, अगदी कातडीखालून. तिथे मी बोटाने टकटक केलं.

"आय गो! मुंग्या गेल्या पार बोटापरत!"

"आये, दक्षताच्या हळदीला तू काय काम केलंस?"

"कोलंबी सोलली. दुसरं काय?"

"कशी बसून?"

"कशी म्हंजे? उकिडवी. आपन बसतो तशी."

"किती वेळ?"

ती धाकूमामांकडे बघून म्हणाली, "दोन दिस. जेवायला उठले तेवढीच. चारशे मानसांची कोलंबी, कोन सोलनार? उठले तवा पाय झोपलेला. म्हटलं, जागा व्हईल."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. हसत होते की रडत होते, माझं मला कळत नव्हतं. "लकवा नाहीये तुला. नस दबलीये. उकिडवं बसून गुडघ्याजवळची नस दबलीये तुझी. मी चुकीची चाल केली होती ओट्यावर. लकव्याची म्हणून दुसरीच केली. मीच चुकले, आये."

मग तिने आपला उजवा हात वर केला, मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"म्हंजे हात नाय जानार?"

"नाही गं."

"मी डाव्या हातानं सगलं शिकत व्हते," ती म्हणाली. "म्हटलं, पयला पाय, मंग हात. तू म्हनली व्हतीस. तं आधीच शिकून ठेवू. वेनी घालायला जमते आता. म्हावरं कापायला नाय जमत, बोट कापतंय."

ती पट्टी. ती वाकडी वेणी, जिला मी हसले होते. मी तिची पट्टीवाली बोटं धरून बसले.

मी अजून डॉक्टर नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. सकाळीच मॅडमना फोन केला. मॅडमनी पुढचं बोलूच दिलं नाही; "घेऊन ये," एवढंच. डोंबिवलीला त्यांनी आईला हॉलमध्ये चालवलं, बघितलं, आणि मला विचारलं, "टप्पा?"

"स्विंगमध्ये पाऊल वर येत नाही. टेकताना टाच आधी नाही, मग पाऊल आपटतं."

"नाव?"

"स्टेपेज."

मॅडमनी मान डोलावली. मग आईसमोर जमिनीवर बसून तिच्या पावलावरून हात फिरवत म्हणाल्या, "बाई, हिला तुम्ही शिकवलंत. मी नाही." आईला वाटलं मॅडम रागावल्या. तिने पिशवीतून सुरमईच्या तुकड्या काढून दिल्या. मॅडम पक्क्या शाकाहारी. तरी दोन्ही हातांनी घेतल्या.

ठाण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं, शुगर बघितली, नसेची तपासणी केली. नस गुडघ्याखालीच दबलेली, तुटलेली नाही. पावलाला आधार द्यायला प्लास्टिकची पट्टी दिली, उकिडवं आणि पायावर पाय टाकून बसणं बंद, पायाला रोज व्यायाम. सुधारेल, पण वेळ लागेल, म्हणाले. आई मार्केटात खुर्चीवर बसायला लागली. आजूबाजूच्या बायकांनी "आली बघ साहेबीन" म्हणून पंधरा दिवस तिला छळलं. तीही मान ताठ करून साहेबिणीसारखा भाव सांगायची.

परीक्षा दिली. पास झाले. चालीवर प्रश्न आलेला की नाही, हे आईने मला विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही.

सात आठवड्यांनी एका संध्याकाळी मी तिचं पाऊल मांडीवर घेऊन बसले होते. रोजच्यासारखं म्हटलं, वर उचल. अंगठा हलला. इतका बारीक की मला वाटलं भास झाला. "परत," म्हटलं. परत हलला. आई माझ्याकडे बघत होती, पायाकडे नाही.

"झालं ना?" ती म्हणाली.

"होतंय," मी म्हटलं, आणि रडले. माझं आपलं सगळं रडूनच होतं.

तिने डोळे पुसायला आपला पदर दिला. मग म्हणाली, "ऊठ. ती लकव्याची चाल करून दाखव."

"आता कशाला? परीक्षा झाली माझी."

"तरी कर. बरोबर कर. त्या दिशी ओट्यावर केलीस, तवा समोरच्या गच्चीवर बी बाया व्हत्या. कोनी बघितली असंल, तं कोनी तरी घाबरून बसली असंल घरात. माझ्यासारकी."

मी उठले. हात छातीशी घेतला, गुडघा ताठ धरला, आणि पाय बाहेरून अर्धगोल फिरवत ओट्याच्या या टोकाहून त्या टोकाला सावकाश चालत गेले. समोरच्या गच्चीवर दोन बायका वाळलेले कपडे काढता काढता थांबून बघायला लागल्या. आईने आपल्या मार्केटातल्या आवाजात त्यांना हाक मारली.

"नीट बघा गो बायांनो! ही लकव्याची. अशी दिसली का लगेच हॉस्पिटलात जायाचं, लपवायचं नाय! आनि गुडघा वर घेवन चालते ती लकव्याची नाय. ती माजी!"